जुन्या सागवानी खिडक्या काढायच्या की दुरुस्त करायच्या? काच, लांबी, बिजागरी, रंग सगळं सविस्तर

प्रश्न: अंबाजोगाईला आजोबांच्या काळातलं दगडी माळवदाचं घर आहे. खिडक्या सागवानी, चार फूट उंच तीन फूट रुंद, दोन झडपा, प्रत्येक झडपेला तीन काचा. पश्चिमेच्या खिडकीची काचा धरून ठेवणारी लांबी गळून पडलीय, दोन काचा तडकल्यात, एक झडप खाली घासते, पावसाळ्यात तर लागतच नाही, खालचा एक कोपरा मऊ झालाय. मिस्त्री म्हणायलाय सगळं काढून अ‍ॅल्युमिनियम स्लायडिंग बसवा. काय करावं?

उत्तर:

मिस्त्रीला आधी एवढं सांगा की चौकटीला हात लावू नको. दगडमातीच्या जाड भिंतीत चौकट नुसती अडकवलेली नसते, बांधकाम करतानाच ती भिंतीत धरलेली असते, तिची टोकं दगडात गेलेली असतात आणि वरचा भार ज्या लाकडी पाटावर असतो तो पाट बऱ्याच घरांत चौकटीला टेकूनच बसलेला असतो. चौकट उचकटली की बाजूची माती ढासळते, पाट सैल होतो, मग भिंत सिमेंटनं भरून घ्या, वर लिंटल टाका असा खर्च वाढत जातो आणि तो स्लायडिंगच्या कोटेशनमध्ये कुठंच लिहिलेला नसतो. तुम्ही जे जे लिहिलंय ते सगळं झडपांचं दुखणं आहे, आणि झडप बिजागरीतून निघते, टेबलावर ठेवून दुरुस्त होते.

आता लाकूड खरंच चांगलं आहे का ते घरीच बघा. जाड आरी किंवा बारीक स्क्रूड्रायव्हर घ्या आणि झडपेची खालची आडवी पट्टी, दोन्ही खालचे कोपरे आणि चौकटीचं खालचं लाकूड इथं जोर देऊन टोचा. चांगलं सागवान असेल तर टोक एक-दोन मिलिमीटर जातं आणि थांबतं, सडलेलं असेल तर सहज आत जातं आणि बाहेर काढताना लाकडाचा चुरा येतो. वरचा रंग अखंड दिसला म्हणून फसू नका, सड नेहमी रंगाच्या आतून असते. वाळवीचं बघायचं तर टोचून पोकळ आवाज येतो का आणि भिंतीला चिकटून मातीची बारीक नळी आहे का ते बघा, नळी असेल तर आधी भिंतीतल्या वाळवीचा बंदोबस्त, मगच सुतारकाम. जुन्या सागाचा आतला तपकिरी भाग वाळवी सहसा खात नाही पण कडेचा पांढरट भाग ती खाते, त्यामुळे एखाद्या पट्टीची फक्त एक कड पोखरलेली सापडते आणि बाकीची ठणठणीत असते. चौकटीचे उभेच तळाशी निम्म्याहून जास्त गेलेले असतील किंवा खिडकी सागाची नसून आंब्याबिंब्याच्या हलक्या लाकडाची असेल आणि सगळीकडंच मऊ लागत असेल तर नवी करा, मी आग्रह धरणार नाही. पण एक कोपरा मऊ झालाय एवढ्यासाठी अख्खी खिडकी टाकणं मला पटत नाही, आज बाजारात जे साग मिळतं त्यात पांढरा भागच जास्त असतो, तसलं जुनं दाट लाकूड तुम्हाला पैसे देऊनही सहज मिळायचं नाही.

झडप का घासते ते रंधा हातात घ्यायच्या आधी शोधायचं. बहुतेक सुतार आले की सरळ खालची कड तासतात, मे महिन्यात मग तिथून बोट जाईल एवढी फट पडते. तुम्ही असं करा, झडप अर्धी उघडा, बिजागरीच्या उलट बाजूच्या खालच्या कोपऱ्याला धरून वर उचला आणि नजर वरच्या बिजागरीवर ठेवा. बिजागरीची पाती लाकडापासून सुटून हलत असेल तर स्क्रूची भोकं सैल झालीत. पाती घट्ट आहे पण मधली नळी वरखाली हलतेय तर बिजागरीचा खिळा झिजलाय. दोन्ही घट्ट आहेत आणि झडपेच्याच कोपऱ्यात जिथं उभी आणि आडवी पट्टी मिळते तिथं फट उघडझाप करतेय तर सांधा सैल झालाय. आणि यातलं काहीच हलत नाही तर बऱ्याचदा दोष रंगाचा असतो, चाळीस-पन्नास वर्षं दर दिवाळीला एक हात मारत गेलं की कडेवर दोन-दोन मिलिमीटर रंग साचतो आणि पावसाळ्यात लाकूड जरा फुगलं की झडप अडकते.

भोकं सैल असतील तर जाड स्क्रू घालू नका, त्यानं लाकूड चिरतं. झडप उतरवून जुनं भोक आठ किंवा दहा मिलिमीटरच्या ड्रिलनं साफ करून घ्या, त्यात सागाची तेवढीच गोल खुंटी वॉटरप्रूफ फेविकॉल लावून ठोका, रात्रभर वाळू द्या, कापून सपाट करा आणि नवं बारीक भोक पाडून जुन्याच मापाचा स्क्रू बसवा. काड्यापेटीच्या काड्या कोंबणं हा तात्पुरता उपाय आहे, झडप जड असते, वर्षभरात परत लोंबते. जुना गंजलेला स्क्रू निघत नसेल तर आधी त्याच्या खाचेतला रंग टोकदार पत्तीनं काढा, मग थोडासा घट्ट करायच्या दिशेनं फिरवा, गंजाची पकड सुटली की उलटा फिरवा. खिळा झिजला असेल आणि बिजागरी भरीव जुनी असेल तर वरची खाली आणि खालची वर करून बघा, झीज बहुतेक एकाच बाजूला झालेली असते, नाही तर नळीच्या मधे पितळेचा पातळ वायसर घालून झडप तेवढी उचलता येते. बिजागऱ्या रॉकेलमध्ये रात्रभर टाकून ठेवल्या तर गंज ढिला होतो, ब्रशनं घासून मशीनचं तेल घाला आणि परत त्यांच्यावर रंग मारू देऊ नका, बिजागरीवरचा रंग हेच झडप कुरकुरायचं आणि स्क्रूवर ताण यायचं कारण असतं.

सांधा सैल असेल तर वरून लोखंडी एल-पट्टी ठोकायची नाही, तिच्यामागं पाणी साचतं आणि तोच कोपरा आधी सडतो. सांधा अलगद उघडा, जुना मळ खरवडून काढा, फेविकॉल लावा, शिकंज्यात आवळा आणि आवळल्यावर झडप कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी, दोन्ही बाजूंनी टेपनं मोजा. दोन्ही मापं सारखी आली तरच झडप काटकोनात आहे, तीन-चार मिलिमीटरचा फरक असेल तर शिकंजा तिरपा लावून सारखी करून घ्या. मग सांध्यातून आरपार भोक पाडून बांबूची किंवा सागाची खुंटी ठोका. जुन्या सुतारांनी तिथं खुंटीच घातलेली असते, बघा, रंग काढल्यावर गोल ठिपका दिसेल.

मऊ झालेल्या कोपऱ्याला लांबी भरून वर रंग मारून देणारे पुष्कळ भेटतील. सडलेल्या लाकडावर काहीही भरलं तरी खालची सड चालूच राहते. मऊ भाग पटाशीनं टणक लाकूड लागेपर्यंत काढायचा, वर आणखी दोनेक सेंटिमीटर चांगलं लाकूडही घ्यायचं, आणि जुन्याच सागाचं ठिगळ त्याच दिशेच्या रेषा ठेवून बसवायचं. लातूर, अंबाजोगाई, उदगीरकडं वाडे पाडलेलं लाकूड विकणारे असतात, त्यांच्याकडं वासे-तुळयांचे तुकडे मिळतात, तेच घ्या, नवं ओलं लाकूड घेऊ नका, ते आटतं आणि ठिगळाच्या कडेनं फट पडते. ठिगळाची जोडरेघ आडवी सपाट न ठेवता बाहेरच्या बाजूला उतरती ठेवा म्हणजे पाणी आत न जाता बाहेर ओघळेल.

आता रंग काढणं. इथं एक गोष्ट गंभीरपणे घ्या. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या आत असावं हा नियम आपल्याकडं १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगात, खास करून जुन्या हिरव्या-पिवळ्या ऑइलपेंटात, शिसं भरपूर असू शकतं. म्हणून कोरडं घासायचं नाही, ग्राइंडर तर अजिबात लावायचा नाही आणि ब्लो लॅम्पनं जाळायचं नाही. पाणी शिंपडून खरवडा किंवा हीटगन कमी तापमानावर ठेवून रंग फुगला की लगेच पत्तीनं उचला, एन-९५ मास्क लावा, खाली प्लॅस्टिक अंथरा, खरवड गोळा करून बांधून टाका आणि लहान लेकरं, गरोदर बाई यांना त्या जागेपासून लांब ठेवा. सगळा रंग काढायची गरज नसते, जिथं घट्ट बसलाय तिथं ओल्या पॉलिश पेपरनं कड मऊ करून सोडून द्या, फक्त झडपेच्या चारी कडा मात्र लाकडापर्यंत साफ करा कारण घासणं तिथंच आहे.

काचा. अखंड असतील त्या फेकू नका, जुनी काच किंचित लहरी असते, तिच्यात बारीक बुडबुडे असतात, तशी आता बनत नाही, आणि वर कमानीत रंगीत काचा असतील तर त्यांच्या जवळपासही हीटगन नेऊ नका, एका बाजूनं तापली की तडकते. दगडासारखी झालेली जुनी लांबी काढताना काचेवर अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळलेली प्लायवूडची पट्टी धरा, लांबीवर थोडी थोडी उष्णता द्या आणि पटाशी लाकडाच्या बाजूनं चालवा, काचेच्या बाजूनं जोर नको. जी लांबी टणक आहे आणि लाकडाला धरून आहे ती राहू द्या. लांबीच्या पोटात बारीक खिळे असतात, ते पक्कडीनं आधी काढा, काच ओढताना सगळ्यात जास्त काचा त्या खिळ्यांमुळेच फुटतात.

नवी काच मागवताना, काच बसते त्या खाचेचं माप जसंच्या तसं देऊ नका. समजा खाच ३३० बाय ३४० मिलिमीटर आली तर काच ३२७ बाय ३३७ कापून घ्या, म्हणजे चारी बाजूला दीड मिलिमीटर मोकळं राहील. जुन्या झडपा तंतोतंत चौकोनी नसतात म्हणून रुंदी वर-खाली आणि उंची डावी-उजवी अशी दोन-दोन ठिकाणी मोजा आणि लहान माप धरा. आपल्याकडं उन्हाळ्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंश आणि पश्चिमेचं ऊन, लाकूड आटतं, काच प्रसरते, घट्ट बसवलेली काच मग कोपऱ्यातून तडकते. तुमच्या दोन काचा कुठून तडकल्यात बघा, भेग कोपऱ्यातून निघालेली असेल तर तेच कारण असायचा संभव जास्त.

यानंतर लांबी, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पेंटर भिंतीची वॉल पुट्टी पाण्यात कालवून खिडकीला लावतात हे मी सारखं बघतो आणि ते बघून जीव तुटतो. वॉल पुट्टीत सिमेंट असतं, ती भिंतीसाठी आहे, लाकूड हललं की ती हलत नाही, भेगा पडतात आणि भेगेतून गेलेलं पाणी खाचेत अडकून लाकूड सडवतं. सिलिकॉनही नको, त्याच्यावर रंग धरत नाही आणि पुढं काच फुटली तर खाच खरवडता खरवडता लाकूड जातं. खिडकीची लांबी म्हणजे खडूची पूड आणि जवसाचं तेल, बस. तयार डबा घ्यायचा तर त्यावर आयएस ४१९ लिहिलंय का बघा, ते खिडकीच्या लांबीचं मानक आहे.

घरी करायची तर एक किलो खडू पावडर बारीक चाळून घ्या, त्याला साधारण पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅम तेल लागतं. तेल अर्धं कच्चं जवसाचं, घाण्याचं चालतं, आणि अर्धं हार्डवेअरमध्ये मिळणारं डबल बॉइल, ज्याला बेलतेल म्हणतात. सगळंच बेलतेल घेतलं तर लांबी लवकर कडक होते, सगळंच कच्चं घेतलं तर फार दिवस ओली राहते. शेंगदाण्याचं किंवा इंजिनाचं तेल कधीच वाळत नाही, ते चुकूनही नको, आणि खडूच्या जागी चुना किंवा पीओपीही नको. तेल थोडं थोडं घालत कणकेसारखं भरपूर मळा, हाताला चिकटेनाशी झाली आणि बोटानं दाबल्यावर कड फाटली नाही की झाली. मग प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून एक दिवस ठेवा आणि दुसऱ्या दिवशी परत मळा. तुमच्या सहा काचांच्या एका खिडकीला एवढी पुरते.

लावायच्या आधी खाच पूर्ण कोरडी आणि स्वच्छ पाहिजे आणि तिला तेलाचा हात द्यायलाच पाहिजे, बेलतेल आणि टर्पेंटाइन निम्मं निम्मं करून ब्रशनं लावा आणि एक दिवस सोडा. जुनं कोरडं साग तेलाला तहानलेलं असतं, तसंच सोडलं तर ते लांबीतलं तेल ओढून घेतं, उरतो नुसता खडू, आणि वर्ष-दीड वर्षात अख्खी पट्टी सुटून पडते. तुमची गळून पडलेली लांबी उचलून मागची बाजू बघा, लाकडाचा रंगही तिला लागलेला नसेल आणि चुरगाळल्यावर पूड होत असेल तर हेच झालेलं आहे.

आता खाचेच्या तळाला सगळीकडं लांबीची बारीक वळी दाबा, तीनेक मिलिमीटरची, आणि काच तिच्यावर ठेवून फक्त कडांवरून दाबत जा, मधे हात ठेवायचा नाही. आतल्या बाजूनं लांबी सगळीकडं थोडी बाहेर आली पाहिजे, जिथं आली नाही तिथून पाणी येणार. मग प्रत्येक बाजूला दोन-दोन बिनडोक्याचे अर्धा इंची खिळे, पटाशी काचेवर आडवी सपाट ठेवून सरकवत ठोकायचे म्हणजे काचेला मार लागत नाही. वरून लांबीची दुसरी वळी भरा आणि पत्ती तिरपी धरून एका दमात ओढा, साधारण पंचेचाळीस अंशाचा उतार. उतार किती चढवायचा? काचेतून पलीकडच्या लाकडाची कड दिसते, लांबी त्या कडेच्या दीड-दोन मिलिमीटर अलीकडं थांबली पाहिजे, म्हणजे नंतर रंग लांबीवरून उतरून काचेवर दोन मिलिमीटर येईल आणि तो सांधा बंद होईल. त्याच्याही पुढं नेली तर आतून लांबी दिसते, आणि फार आखूड ठेवली तर काचेची पकड कमी पडते. काचेवरचा तेलकटपणा कोरडी खडू पावडर टाकून ब्रशनं काढा.

तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि चिंध्यांचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो, आपल्याकडच्या उन्हात तर जास्तच. अंगणात एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा.

हिवाळ्यात आठ-दहा दिवसांत लांबीवर साय धरते, दमट हवेत दोन-तीन आठवडे लागतात. बोट लावल्यावर ठसा उमटत नाही की रंग द्या, आधी दिला तर रंगाला सुरकुत्या येतात आणि महिनोन् महिने उघडी ठेवली तर ऊन तिला फोडतं. सागात स्वतःचं तेल असतं म्हणून उघड्या लाकडाला आधी थिनरच्या फडक्यानं पुसा आणि तो उडाला की लगेच लाकडाचा प्रायमर मारा, नाही तर रंग सालपटासारखा निघतो. मग ऑइलपेंटचे दोन पातळ हात, मधे एक दिवस आणि हलका पॉलिश पेपर. एक जाड हात हे कामच नाही, वरून वाळतो आतून ओला राहतो आणि पश्चिमेच्या उन्हात फोड येतात. उन्हात तापलेल्या झडपेवरही मारू नका, पश्चिमेची खिडकी आहे तर सकाळी मारा. सागाची नक्षी दिसावी म्हणून नुसतं वार्निश मारायचा मोह होईल, आतल्या बाजूला खुशाल मारा, बाहेर पश्चिमेला ते एक-दोन उन्हाळ्यांत पापुद्रे सोडतं आणि परत सगळं खरवडायला लागतं.

आणि पेंटर जे हमखास विसरतो ते, झडपेची खालची कड. झडप चौकटीत असताना रंग मारला की तिथं ब्रश पोचतच नाही, आणि पाणी नेमकं तिथंच थेंब थेंब लटकतं आणि उभ्या पट्टीच्या कापलेल्या टोकातून वर चढतं. तुमचा मऊ झालेला कोपरा ९०% याच कारणानं. झडप उतरवलेली आहेच तर खालच्या कडेला, मुख्य म्हणजे उभ्या पट्ट्यांच्या टोकांना, प्रायमरचे दोन-तीन हात द्या, तो आत मुरत जाईल, आणि मग रंग.

बसवताना फट किती ठेवायची ते महिन्यावर आहे. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा या कामाला चांगला काळ, पावसाळ्याची ओल उतरलेली असते आणि लाकूड मे महिन्यासारखं करकरीत आटलेलंही नसतं. तेव्हा चारी बाजूंनी अडीच मिलिमीटर ठेवा. मेमध्ये करत असाल तर तीन, कारण ऑगस्टमध्ये ते फुगणार आहे. आणि कुठं घासतेय ते कळत नसेल तर चौकटीला खडू फासून झडप लावा, झडपेवर जिथं पांढरं उमटेल तेवढंच तासा, तासलेल्या जागेला लगेच प्रायमर आणि रंग द्या, उघडं लाकूड ठेवू नका.

एक खिडकी आधी पूर्ण करा, हीच पश्चिमेची, आणि पहिल्या मोठ्या पावसात आतून काचेच्या खालच्या कडेवर बोट फिरवून बघा. ओल लागली तर तळाची लांबी तिथं बाहेर आलेली नव्हती, तेवढीच काच परत काढून बसवा. कोरडं लागलं तर बाकीच्या खिडक्या पुढच्या दिवाळीनंतर काढा.